बाळंतिणीच्या वजनाचा हिशेब

बाळंतपणानंतर वजन उतरवायचे म्हणून सल्ला घ्यायला येणाऱ्या बाईसोबत बहुतेक वेळा तिची आई किंवा सासू असते, आणि दोघींची काळजी एकमेकींच्या उलट दिशेला ओढत असते. मुलीला तीन महिन्यांत जुने कपडे अंगात बसायला हवे असतात. आईला भीती असते की पोरीने खाणे कमी केले की दूध आटेल. आहार आणि व्यायाम अशा दोन्ही बाजूंनी हे काम करताना मला असे दिसत आले आहे की या दोघी भांडत असल्या तरी त्यांची गृहीतके एकच आहेत. दूध ताटावर अवलंबून आहे हे एक, आणि चरबी व्यायामाने वितळते हे दुसरे. दोन्ही बरीचशी चुकीची आहेत. अंगावर पाजणाऱ्या बाईची चरबी उतरते ती मुख्यतः ताटातल्या छोट्या, मोजलेल्या तुटीने. व्यायामाचे काम वेगळे आहे. पोटाची भिंत, ओटीपोटाचा तळ, हाडे आणि स्नायू पूर्ववत करणे हे ते काम, आणि त्याचे वेळापत्रक वजनाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. ही दोन कामे एकमेकांत मिसळली की एकीकडे दूध सांभाळायच्या नावाखाली वजन वाढत राहते आणि दुसरीकडे वजन उतरवायच्या नावाखाली पूर्ववत न झालेल्या पोटावर कपालभाती सुरू होते.

आधी दुधाचा खर्च पाहू. फक्त अंगावर पिणारे बाळ पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पिते. शंभर मिलिलिटर दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात, म्हणजे बाळाच्या पोटात दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी जातात. ते दूध तयार करताना शरीराची स्वतःची थोडी ऊर्जा खर्च होते, त्यामुळे आईच्या बाजूने हा खर्च सहाशेच्या पुढेमागे पडतो. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीत पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२० कॅलरी जास्त धरल्या आहेत, त्या याच हिशेबाने. पण गरोदरपणात शरीराने तीन-चार किलो चरबी साठवलेली असते आणि ती नेमकी या खर्चासाठी असते. ज्या बाईचे वजन गरोदरपणात गरजेपेक्षा जास्त वाढले, तिच्याकडे हा साठा आणखी मोठा आहे. तिने सहाशेच्या सहाशे कॅलरी ताटातून भरून काढल्या तर साठ्याला हात लावायची शरीराला गरजच उरत नाही. नुसते पाजल्याने बाई आपोआप बारीक होते हा समज म्हणूनच अर्धवट आहे. पाजण्याने खर्चाची बाजू वाढते, पण भूकही तितकीच वाढते.

आता आईच्या भीतीकडे येते, कारण ती भीती खरी आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवे. खाणे कमी केले की दूध कमी होते का? आफ्रिकेतल्या गांबिया देशात केनेबा नावाच्या गावी पाजणाऱ्या आयांना रोजच्या अन्नाशिवाय भरपूर उष्मांकाचा पूरक आहार देऊन पाहिला गेला. या बायकांचे नेहमीचे खाणे आपल्या मध्यमवर्गीय घरातल्या खाण्यापेक्षा कितीतरी कमी होते. तरीही जास्तीचे अन्न मिळाल्यावर त्यांच्या दुधाचे प्रमाण वाढले नाही. दूध किती येणार हे प्रामुख्याने बाळ किती वेळा आणि किती नीट पिते यावर ठरते. स्तन रिकामा होतो तेव्हा पुढचे दूध तयार होते. दुसरा पुरावा जास्त थेट आहे. अमेरिकेत वजन जास्त असलेल्या चाळीस पाजणाऱ्या आयांवर एक प्रयोग झाला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. बाळ चार आठवड्यांचे असताना निम्म्या आयांनी आहारात रोज ५०० कॅलरी कमी केल्या आणि आठवड्यातून चार दिवस पाऊण तासापर्यंत व्यायाम केला. दहा आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ४.८ किलोने उतरले, दुसऱ्या गटाचे ०.८ किलोने, आणि दोन्ही गटांतल्या बाळांच्या वाढीत फरक आढळला नाही. आठवड्याला अर्धा किलो ही गती जास्त वजनाच्या आईला सुरक्षित आहे, असे यावरून म्हणता येते. पण याला तळ आहे. दिवसाचे खाणे १५०० कॅलरींच्या खाली गेले की दूध घटण्याचा धोका वाढतो, शिवाय लोह, कॅल्शियम, प्रथिने यांची गरज इतक्या कमी अन्नात बसवणे जवळजवळ अशक्य होते. रसाहार, एकभुक्त राहणे, पोळी-भात पूर्ण बंद करणे हे सगळे या तळाच्या खाली नेणारे प्रकार आहेत. त्यामुळे आईची भीती उपासमारीच्या बाबतीत योग्य ठरते, तीनशे-चारशेच्या तुटीच्या बाबतीत नाही.

ही तूट शोधायला फार लांब जावे लागत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक डिंकाचा लाडू ठेवून पाहावा. मध्यम आकाराचा लाडू चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यात तुपात फुलवलेला डिंक, सुके खोबरे, खारकेची पूड, गूळ, बदाम-खसखस असे सगळे दाट उष्मांकाचेच पदार्थ आहेत, आणि एका लाडवाच्या दोनशेच्या आसपास कॅलरी होतात. सकाळी दोन आणि संध्याकाळी एक असे तीन लाडू झाले की दुधाचा जवळजवळ सगळा जादा खर्च तिथेच फिटला. त्यावर भातावरचे तूप, शिरा, खसखशीची खीर आणि ‘बाळंतीण आहेस, घे अजून’ म्हणून वाढलेली पोळी येते ती सगळी शिल्लक. मी लाडू बंद करायला सांगत नाही. शेतात राबणाऱ्या, गरोदरपणातही पोटभर न मिळालेल्या बाईसाठी या लाडवाने मोठे काम केले आहे आणि आजही अशा बाईला तो हवाच. लाडवात अळीव घातले तर लोह मिळते, खोबऱ्या-बदामातली चरबी चांगली आहे. पण बाळाला दोन महिने झाल्यावर, वजन जास्त असलेल्या बाईला, दिवसाला एक लाडू पुरे. एवढ्या एका बदलाने चारशे कॅलरी सुटतात आणि जेवणाच्या ताटाला हात लावावा लागत नाही.

एक उदाहरण आकड्यांत मांडते. समजा बाई २९ वर्षांची आहे, उंची १५८ सेंटिमीटर, गरोदरपणाआधीचे वजन ५८ किलो, आणि बाळ आठ आठवड्यांचे असताना ६६. बाळ, वार आणि पाणी यांचे वजन प्रसूतीच्या वेळी आणि पुढच्या दोन आठवड्यांत उतरून गेलेले असते, त्यामुळे आता उरलेले आठ किलो बरेचसे चरबीचेच आहेत. या वयाला, उंचीला आणि वजनाला अंथरुणावर पडून राहिले तरी शरीर दिवसाला साधारण १३४० कॅलरी खर्च करते. बाळाचे करणे आणि घरातली हलकी कामे धरून तो खर्च १८८० होतो. दुधाचे सहाशे मिळवले की २४८०. ही तिची समतोलाची रेषा. तिने रोज २१०० कॅलरी खाल्ल्या तर ३८० ची तूट पडते, आठवड्याला सुमारे साडेतीनशे ग्रॅम आणि महिन्याला दीड किलोच्या आत-बाहेर वजन उतरते. कागदावर आठ किलोंना साडेपाच महिने लागतील. प्रत्यक्षात मी सात ते नऊ महिने सांगते, कारण वजन उतरेल तसा खर्चही घटतो, आणि बाळाचे आजारपण, बारसे, सणवार हे आठवडे तुटीशिवायच जातात. म्हणजे बाळ नऊ ते अकरा महिन्यांचे होईपर्यंत. हे २१०० कॅलरींचे खाणे तुटपुंजे नसते. सकाळी दोन मुगाची धिरडी आणि ग्लासभर दूध, दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, वाटीभर दही, संध्याकाळी मूठभर चणे-शेंगदाणे आणि तो एक लाडू, रात्री दोन पोळ्या, घट्ट वरण, थोडा भात, भाजी आणि अंडे किंवा पनीर. शिवाय मधल्या वेळची फळे आणि ताक. यात प्रथिने पासष्ट ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे आयसीएमआरने पहिल्या सहा महिन्यांसाठी सांगितलेली गरज भागते. पाणी तहानेइतके प्यावे. जबरदस्तीने चार-पाच लिटर प्यायल्याने दूध वाढत नाही.

आता व्यायामाकडे. १९९४ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त अंगावर पाजणाऱ्या आयांनी प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुरुवात करून बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास जोमाचा व्यायाम केला. त्यांचा दम वाढला, दूध तेवढेच राहिले, आणि वजन मात्र व्यायाम न करणाऱ्या आयांपेक्षा जास्त उतरले नाही. व्यायामात गेलेली ऊर्जा त्यांनी खाऊन भरून काढली होती. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘एवढे चालते तरी काटा हलत नाही’ म्हणून निराश होणारी बाई नेमकी याच ठिकाणी असते. मग व्यायाम करायचाच कशाला, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर असे की खाण्यातल्या तुटीने वजन उतरते तेव्हा चरबीसोबत स्नायूही जातात, आणि ताकदीच्या व्यायामाने ते राखले जातात. पाजण्याच्या काळात हाडांतले कॅल्शियमही काही टक्के कमी होते. दूध तुटल्यावर ते बहुतांशी भरून येते, पण वजन पेलणाऱ्या व्यायामाने ही घट कमी राखायला मदत होते. आणि सगळ्यात आधी पोटाची भिंत आणि ओटीपोटाचा तळ दुरुस्त व्हायचा असतो, तो ताट बदलून होत नाही.

पोट सुटलेले दिसते त्याचे कारण दरवेळी चरबी नसते. गरोदरपणात पोटाच्या मध्यरेषेवरचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर जातात. नॉर्वेत पहिलटकरणींच्या एका अभ्यासात सहा आठवड्यांनी साठ टक्के बायकांत हे अंतर होते आणि वर्षाने अजूनही तिघींतल्या एकीत होते. घरी पाहायचे तर उताणे निजून गुडघे दुमडावेत आणि डोके व खांदे थोडे उचलावेत. बेंबीच्या वर मध्यरेषेत उभा, होडीच्या पाठीसारखा उंचवटा वर येतो का ते पाहावे, आणि बोटे आडवी ठेवून दोन बोटांपेक्षा जास्त जागा आहे का, ती किती खोल आणि मऊ लागते, हे चाचपावे. तोच व्यायाम श्वास सोडत, खालचे पोट हलके आत घेत करून पाहिला आणि उंचवटा आला नाही तर तेवढा भार चालतो. आला तर तो व्यायाम अजून जड आहे. याच कसोटीवर पहिल्या काही महिन्यांत कपालभाती, सिटअप आणि दोन्ही पाय सरळ वर उचलणे बाजूला ठेवावे लागते. कपालभातीत जोरात श्वास फेकताना पोटातला दाब झटक्याने वाढतो आणि तो सैल मध्यरेषेवर आणि खाली ओटीपोटावर पडतो. सूर्यनमस्कारही साधारण तीन महिन्यांनंतर, उंचवटा येत नाही हे पाहून, एकेक पाय मागे नेत सुरू करावेत. पोट बांधण्याबद्दल प्रत्येक जण विचारते. सिझेरियननंतर हलका पट्टा उठता-बसताना आधार देतो आणि दुखणे कमी करतो, इतकाच त्याचा उपयोग. त्याने चरबी जात नाही आणि अंतरही मिटत नाही. पाण्याने भरलेला फुगा मध्येच आवळला तर पाणी खाली सरकते, तसा घट्ट बांधलेल्या पोटातला दाब आधीच ताणलेल्या तळाच्या स्नायूंवर जातो.

क्रम म्हणून असा. प्रसूती सरळ झाली असेल तर पहिल्या आठवड्यातच पोटभर संथ श्वास आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणे-सोडणे सुरू करता येते. लघवी रोखून धरताना जे स्नायू वापरतो तेच हे, सहा-आठ सेकंद धरून तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे, आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. घरातल्या घरात दहा मिनिटे चालणे सहा आठवड्यांपर्यंत तीस मिनिटांवर न्यावे. सव्वा महिना खोलीबाहेर पडायचे नाही ही रीत जिथे पाळतात तिथेही हे सगळे खोलीत होते, आणि पूर्ण पडून राहण्यापेक्षा ते बरे, कारण बाळंतपणानंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर खुर्चीवर बसणे-उठणे, पाठीवर निजून कंबर उचलणे, रबरी पट्टा ओढणे, मग पाण्याच्या भरलेल्या बाटल्या किंवा डंबेल, आठवड्यातून दोन-तीनदा. सिझेरियनच्या बाईने सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये आणि पुढच्या पायऱ्या काही आठवडे उशिरा घ्याव्यात. पोटाच्या आतल्या थराची ताकद सहा आठवड्यांत निम्मीच परतते आणि बरीचशी भरून यायला सहा-सात महिने लागतात. वरची खूण महिन्याभरात वाळलेली दिसते, त्यावर जाऊ नये. धावण्याबद्दल ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली जी मार्गदर्शिका काढली तिच्यात तीन महिन्यांआधी नको असे सांगितले आहे, आणि त्यानंतरही अर्धा तास चालणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, मिनिटभर जागच्या जागी धावणे, एका पायावर दहा उड्या हे सगळे दुखणे, जडपणा किंवा लघवीचा थेंब न गळता जमले पाहिजे. खाली काहीतरी उतरल्यासारखे जड वाटणे, खोकताना गळती, किंवा थांबलेला लाल स्राव परत सुरू होणे, ही भार जास्त झाल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी एक पायरी खाली यावे आणि आठवड्याभरात सुधारले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. स्राव भरपूर असेल तर त्याच दिवशी दाखवावे.

व्यायाम केल्यावर दूध आंबट होते आणि बाळ पीत नाही, हा आक्षेप मी सतत ऐकते. पूर्ण दमछाक होईपर्यंत केलेल्या व्यायामानंतर दुधात लॅक्टिक आम्ल थोडे वाढते हे खरे आहे. मध्यम व्यायामात, म्हणजे बोलता येईल इतक्याच दमात, ते जाणवण्याइतके वाढत नाही. बाळ तोंड फिरवते त्याचे साधे कारण बहुधा घामाचा खारटपणा असतो. स्तन पुसून, बाळाला पाजून मग व्यायामाला जाणे हे तसेही सोयीचे, कारण भरलेल्या स्तनांनी चालणे दुखते. दूध पुरते की नाही याचा निवाडा आईच्या भावनेवर किंवा पंप करून निघालेल्या दुधावर करू नये, बाळावर करावा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसात सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले व्हायला हवेत. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम वजन वाढायला हवे, त्यानंतर वेग थोडा कमी होतो. अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीची रेषा काढलेली असते. ती सपाट होऊ लागली तर तूट लगेच थांबवावी, खाणे पूर्वीच्या पातळीवर आणावे, पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. काही बायकांनी तर तूट करूच नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १८.७ टक्के बायका कमी वजनाच्या आणि निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. ज्या बाईचे वजन गरोदरपणातही नीट वाढले नाही तिला सहाशेच्या सहाशे कॅलरी आणि गोळ्यांसकट लोह हवे. आणि हिशेब बरोबर असूनही दोन महिने काटा हलत नसेल, थकवा, केस गळणे, थंडी वाजणे असेल, तर थायरॉइड तपासावे. बाळंतपणानंतरच्या वर्षात त्याची गडबड बऱ्याच जणींत होते.

सगळ्यात जोरदार आक्षेप वेळेचा असतो. वर्षभर थांबायला सवड नाही, कामावर परतायचे आहे, असे बायका म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे हलके घेण्यासारखे नाही. पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर मिळणारी २६ आठवड्यांची रजा जिथे संपते तिथेच बाळाचे वरचे अन्न सुरू होते, आणि हा संगम हिशेबाच्या दृष्टीने फार मोक्याचा आहे, कारण दुधाचा खर्च तेव्हापासून घटू लागतो. झोप तेव्हाही तुटलेलीच असते, आणि कमी झोपणाऱ्या आयांचे वजन वर्षाअखेर जास्त अडून राहते असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून या काळात घरच्यांनी रात्रीचा एक फेरा घेणे हा मी आहाराच्या सल्ल्याइतकाच महत्त्वाचा सल्ला मानते. वरच्या उदाहरणातली बाई आठव्या-नवव्या महिन्यात ६२ किलोवर आली असेल. बाळ आता पेज, खिमट, वरण-भात खाते आणि दूध अर्ध्या लिटरवर आले आहे. दुधाचा खर्च चारशे आणि शरीराचा १८२०, म्हणजे समतोल २२२० वर. ती अजून २१०० खाते आहे, तर तूट १२० ची उरली. आठवड्याला शंभर ग्रॅम. तिला वाटते वजन अडकले, आणि घाबरून ती एकदम अर्धे जेवण बंद करते. खरे तर काहीच बिघडलेले नसते. संध्याकाळचा लाडू रोजऐवजी एक दिवसाआड घेऊन आणि चालणे वाढवून दोनशेचा फरक पडतो, तेवढा पुरतो.

पुढे पाजणे पूर्ण थांबते तेव्हा हाच हिशेब उलटा फिरतो. साठ किलोच्या त्याच बाईचा खर्च १८०० वर येतो. पाजण्याच्या दिवसांची भूक आणि वाढून घ्यायची सवय टिकून राहिली आणि ती २१०० च खात राहिली, तर आठवड्याला अडीचशे ग्रॅम वजन परत चढते, महिन्याला किलोभर. दूध एका दिवसात तोडत नाहीत, एकेक वेळ कमी करत आणतात. एका वेळच्या पाजण्याचा खर्च साधारण शंभर कॅलरींचा धरला, तर एक पाळी सुटली की ताटातून अर्धी भाकरी किंवा चमचाभर तूप आणि दोन-तीन बदाम तेवढे कमी करायचे, आणि पुढची पाळी सुटेपर्यंत काट्यावर आठवड्यातून एकदा, सकाळी, रिकाम्या पोटी वजन पाहायचे.